लाल करून पाण्यात घातलं की तांबं मऊ पडतं आणि पोलाद कडक होतं, ते का?

प्रश्न: तांबं मऊ, जस्तही काही फार कडक नाही. मग दोन्ही वितळवून एकत्र केले की पितळ कडक कसं होतं? आणि पोलादात एक टक्कासुद्धा कार्बन नसतो, तरी ते इतकं कडक का? मुलगा नववीत आहे, आम्ही पुण्यात राहतो. घरी करून बघता येईल असं काही असेल तर तेही सांगा.

उत्तर:

धातू कडक म्हणजे त्याचे अणू एकमेकांना घट्ट धरून बसलेले, अशी आपली समजूत असते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. शुद्ध तांब्यातले अणूसुद्धा एकमेकांना चांगलेच घट्ट धरून असतात. तांबं मऊ असतं, कारण त्याच्या अणूंच्या थरांना एकमेकांवरून सरकायला फारच सोपी वाट मिळते. ती वाट अडवली की तेच तांबं कडक होतं.

ही वाट कसली, ते आधी सांगतो. भौतिकशास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी १९२६ साली हिशेब मांडला होता, की स्फटिकातला अणूंचा एक आख्खा थर दुसऱ्या थरावरून एकदम सरकवायचा तर किती जोर लागेल. आलेलं उत्तर प्रत्यक्षात लागणाऱ्या जोराच्या हजार पटींहूनही मोठं होतं. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तीन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे याचं कारण सुचवलं: थर एकदम सरकतच नाही. लग्नाच्या हॉलमध्ये अंथरलेलं मोठं जाजम एका टोकाला धरून ओढून बघा, हलणार नाही. पण एका कडेला सुरकुती पाडून ती पायाने ढकलत दुसऱ्या कडेला नेली, तर आख्खं जाजम वीतभर सरकतं. धातूच्या स्फटिकात अशाच सुरकुत्या असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. तार वाकवता तेव्हा अशा लाखो सुरकुत्या आतून पळत असतात.

जाजमाखाली खडे असले तर सुरकुती जागोजागी अडेल. धातू कडक करणं म्हणजे असे अडथळे उभे करणं, आणि ते करायचे दोन रस्ते तुम्हाला पुण्यातच शेजारी शेजारी दिसतील.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत जा. पत्रा ठोकून ठोकून ताठ झाला की कारागीर तो लाल तापवतात आणि पाण्यात बुडवतात. पत्रा पुन्हा मऊ पडतो आणि काम पुढे सरकतं. शेवटी मात्र भांड्यावर मठारकाम होतं, म्हणजे गोल तोंडाच्या हातोड्याने ओळीने बारीक ठोके पाडले जातात, आणि त्यानंतर भांडं तापवत नाहीत. ते ठोके दिसायला सुंदर असतात, पण त्यांचं खरं काम भांडं कडक करण्याचं आहे. प्रत्येक ठोक्याने नव्या सुरकुत्या तयार होतात, त्या एकमेकींत गुंततात आणि एकमेकींचीच वाट अडवतात. तापवलं की त्या गुंत्याच्या जागी नवे, स्वच्छ स्फटिक उगवतात आणि अडथळे नाहीसे होतात. म्हणजे ठोकून आलेला कडकपणा आगीत जातो.

दुसरा रस्ता मिश्रणाचा. तांब्याच्या रांगेत मधेमधे जस्ताचा अणू बसवला, की तो तापवून हलत नाही. कडकपणाचा तेवढा भाग आगीतूनही टिकतो. घरच्या प्रयोगात नेमका हाच फरक बघायचा आहे.

सामान. रविवार पेठेत, बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांतून चार वस्तू मिळतील: उघडी तांब्याची तार, तेवढ्याच जाडीची पितळेची तार, बांधकामात सळ्या बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग वायर, आणि गोधडी शिवायच्या मोठ्या सुया. तारा साधारण १ मिलिमीटरच्या घ्या. तांब्याची आणि पितळेची तार तंतोतंत एकाच जाडीची हवी, कारण वाकायला लागणारा जोर जाडीच्या घनाने वाढतो. १ ऐवजी १.२ मिलिमीटरची तार आली, तर ती नुसत्या जाडीमुळेच पावणेदोन पट ताठ लागेल आणि निष्कर्ष फसेल.

खरेदीत तीन ठिकाणी फसगत होते. 'तांब्याची' म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार मिळते. टोक कापून बघा, आत पांढरं दिसलं तर ती नको. पितळेच्या तारेला लोहचुंबक लावा. चिकटली तर आत लोखंड आहे. आणि बाइंडिंग वायरच्या जागी चकचकीत जीआय तार घेऊ नका, तिच्यावर जस्ताचा थर असतो, तापवल्यावर त्याचा धूर होतो आणि तो छातीत जाता कामा नये. मोटरच्या वाइंडिंगची तारही नको, तिच्यावर व्हार्निश असतं.

तांबं आणि पितळ. दोन्ही तारांचे १५ सेंटिमीटरचे तुकडे करा. खोलीतला दिवा मालवा, गॅसच्या निळ्या ज्योतीत तार पकडीने धरा आणि पुढेमागे करत सगळ्या लांबीला मंद लाल रंग आणा. तेवढं पुरतं. पितळेला त्यापुढे नेऊ नका. पितळ साधारण ९०० अंशांच्या आसपास वितळायला लागतं आणि जस्त तर ९०७ अंशांना उकळतं. जास्त तापवलंत तर जस्त आधी उडून जातं, तार वरून तांबूस पडते, आणि मग तुम्ही पितळाची परीक्षा घेत नसता. लाल झालेली तार पाण्यात बुडवा. तांबं आणि पितळ दोन्ही मऊ होतील, कारण ओढून तार करताना आलेला कडकपणा आता गेला.

आता तारेचं एक टोक टेबलाच्या कडेला दोन लाकडी पट्ट्यांमध्ये क्लॅम्पने घट्ट आवळा, म्हणजे तार आडवी बाहेर राहील. कडेपासून बरोबर १० सेंटिमीटरवर दोऱ्याने एक छोटी पिशवी टांगा. तिच्यात एकाच प्रकारची रुपयाची नाणी एकेक करून टाका. दर नाण्यानंतर पिशवी हाताने उचलून भार काढा आणि तार मूळ रेषेवर परत येते का ते मागे धरलेल्या पट्टीवर बघा. नुसतं खाली झुकणं मोजायचं नाही, ते सगळ्याच तारा करतात. भार काढल्यावरही जी वाकलेली राहते, तिथे सुरकुत्या सरकल्या.

हिशेबाने काय यायला हवं ते सांगतो. मऊ तांबं चौरस मिलिमीटरला साधारण ७० न्यूटनच्या ताणाला हार मानतं. १ मिलिमीटर जाडीच्या तारेसाठी हा ताण १० सेंटिमीटरवर टांगलेल्या ७ ग्रॅमनेच येतो, म्हणजे दोन नाण्यांना. मऊ पितळाला १२० ते १५० न्यूटन लागतात, म्हणजे तीन-चार नाणी. दुकानातून आणलेल्या, न तापवलेल्या पितळी तारेला दहा किंवा त्याहून जास्त. तुमचे आकडे थोडे पुढेमागे होतील, कारण वाकणं एका क्षणात होत नाही आणि दोन मिलिमीटर वाक डोळ्यांना दिसेपर्यंत एखादं नाणं जास्त पडतं. क्रम मात्र बदलणार नाही. दोन्ही तारा सारख्याच तापवल्या, ठोकण्याचा कडकपणा दोघींतूनही गेला, तरी पितळ तांब्याच्या पुढेच राहतं.

जस्त हे करतं कसं? त्याचा अणू तांब्याच्या अणूपेक्षा त्रिज्येने जेमतेम ४ टक्के मोठा. रांगेत तो बसतो, पण शेजाऱ्यांना थोडं ढकलून. ती ढकललेली जागा सुरकुतीला ओलांडायला जड जाते. चारच टक्क्यांचा फरक असल्याने अडथळा बेताचाच असतो, म्हणून मऊ पितळ मऊ तांब्याच्या दुप्पट-अडीचपटीच्या पुढे जात नाही. कथिलाचा अणू कितीतरी मोठा, म्हणून काशात थोड्या कथिलानेही तांबं झपाट्याने कडक होतं. ताठ स्प्रिंगपट्ट्या जस्ताऐवजी कथील घातलेल्या तांब्याच्या असतात, ते यामुळेच.

पण शाळेच्या पुस्तकांत 'वेगळ्या आकाराचा अणू' इतकंच सांगून विषय संपवतात, ते मला अपुरं वाटतं. पितळाचा खरा जोर दुसरीकडे आहे, आणि तो हातालाच कळतो. मऊ केलेल्या दोन्ही तारा घ्या, एकाच जागी नव्वद अंशांत वाकवा आणि सरळ करा, असं पाच-सहा वेळा करा. तांबंही हळूहळू ताठ होईल, पण पितळ दोन-तीन वेळातच बोटांना लागेल इतकं ताठ होतं. याचं कारण असं, की जस्त मिसळल्यावर सुरकुती दोन भागांत फाटते आणि दोन्ही भाग एका रुंद पट्ट्याच्या दोन कडांसारखे एकत्र सरकतात. शुद्ध तांब्यात सुरकुती अडली की ती बाजूच्या थरावर उडी मारून पुढे निघते. पितळातल्या रुंद पट्ट्याला ती उडी मारता येत नाही, त्यामुळे मागच्या सगळ्या तिथेच तुंबतात. हडपसरच्या चौकात एक लेन बंद असली आणि दुसरीत जाताच येत नसलं की जे होतं, तेच. म्हणून पितळ थोडंसं ठोकलं, ओढलं किंवा लाटलं तरी ते तांब्यापेक्षा खूप लवकर कडक होतं. कडकपणा मोजायच्या विकर्स मापात मऊ तांबं साधारण ४५ आणि मऊ ७०-३० पितळ, म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेलं, साधारण ६५ भरतं. पण लाटून कडक केलेलं तांबं ११० च्या आसपास थांबतं, तर पितळ १५० च्या पुढे जातं.

मग जस्त वाढवतच का नेत नाहीत? साधारण ३५ टक्क्यांपर्यंत ते तांब्याच्याच रचनेत सामावतं. त्यापुढे वेगळ्या रचनेचे कण दिसायला लागतात. ६०-४० पितळ त्यामुळे आणखी कडक असतं, पण थंड असताना फार वाकवलं तर चिरतं. ते गरम करून घडवतात. निम्म्याच्या पुढे जस्त गेलं की ते पितळ हातोडी मारल्यावर फुटतं. किंमत आणखीही एक मोजावी लागते: सुरकुत्यांना अडवणारे तेच वेडेवाकडे बसलेले अणू विजेलाही अडवतात. ७०-३० पितळ तांब्याच्या फक्त २८ टक्के वीज वाहतं. घराच्या वायरिंगला शुद्ध तांबंच लागतं, ते म्हणून.

आता लोखंड. बाइंडिंग वायर लाल करून पाण्यात बुडवा. जवळजवळ काहीच होणार नाही, पूर्वीसारखीच वाकेल. तिच्यात कार्बन नावालाच असतो. मग सुई घ्या. मुलाला चष्मा किंवा गॉगल घालायला लावा, हे मी आग्रहाने सांगतो, कारण पुढे तुकडे उडतात.

सुईचं मधलं अर्ध चेरीसारखं लाल करा आणि लगेच पाण्यात टाका. वाटी ज्योतीला अगदी खेटून हवी. एवढी बारीक सुई हवेत दोन-तीन सेकंदांत काळी पडते, आणि पाण्यात पोचेपर्यंत लाली गेली असेल तर प्रयोग फसला. बरोबर जमली असेल, तर ती दोन पकडींत धरून वाकवताच खडूसारखी कटकन तुटेल. कानस घासून बघा, न घासता वरून सटकते. दुसरी सुई तितकीच लाल करा, पण ज्योतीतून मिनिटभर हळूहळू वर उचलत बाहेर आणा. ती आता तारेसारखी वाकेल. नुसती बाहेर काढून हवेत धरलीत, तर अर्धवट ताठ राहते आणि फरक नीट दिसत नाही. आणखी एक चूक नेहमी होते: सुई ज्योतीत चार-पाच मिनिटं ठेवली तर पृष्ठभागावरचा कार्बनच जळून जातो, मग कितीही वेळा बुडवा, ती कडक होत नाही. नवी सुई घ्या.

तांबटाने जे केलं तेच लोहाराने केलं: लाल करून पाण्यात घातलं. पण तांबं मऊ पडलं आणि कोयता कडक झाला. कोयत्याला पाणी पाजणं म्हणतात ते हेच.

कार्बनचा अणू लोखंडाच्या मानाने इतका लहान असतो, की तो रांगेत जागा घेत नाही, लोखंडाच्या अणूंमधल्या फटीत घुसतो. साध्या तापमानाला लोखंडातली ती फट त्रिज्येने कार्बनच्या जेमतेम चौथा हिस्सा असते, त्यामुळे थंड लोखंडात कार्बन जवळजवळ विरघळतच नाही. पण लाल तापलं की लोखंड आपली रचनाच बदलतं. साध्या पोलादात हा बदल ७२७ अंशांना सुरू होतो. नव्या रचनेतल्या फटी कार्बनच्या दोन तृतीयांश त्रिज्येच्या असतात, तिथे कार्बन बऱ्यापैकी मावतो. हळू थंड केलं तर त्याला बाहेर पडून लोखंडाशी संयोग करत वेगळे थर लावायला वेळ मिळतो, आणि उरलेलं लोखंड मऊ राहतं. पाण्यात बुडवलं तर रचना क्षणात परत फिरते, पण कार्बन आतच अडकतो. मग आख्खी चौकट एका दिशेने ताणली जाते. जस्त शेजाऱ्यांना सगळीकडून सारखं ढकलतं, त्यामुळे काही प्रकारच्या सुरकुत्या त्याला चुकवून निघतात. कार्बनच्या एकतर्फी ताणातून कुठलीच सुरकुती सुटत नाही.

'एक टक्कासुद्धा नाही' हा तुमचा मुद्दा वजनाचा आहे. कार्बनचा अणू हलका असतो. ०.८ टक्के वजन म्हणजे लोखंडाच्या दर २६-२७ अणूंमागे कार्बनचा एक, म्हणजे सुरकुतीला प्रत्येक पावलागणिक खडा. शुद्ध लोखंड विकर्स मापात ७०-८० भरतं, आणि ०.८ टक्के कार्बनचं पाणी पाजलेलं पोलाद ८०० च्या वर जातं. दहापट.

इतका कडकपणा एकटा निरुपयोगी, हे तुटलेल्या सुईने दाखवलंच. म्हणून तिसरी सुई कडक करा, बारीक पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि ज्योतीपासून थोडी वर धरून अगदी हळू तापवा. आधी गवती पिवळा रंग चढेल, तो साधारण २२०-२३० अंशांना, मग जांभळट, आणि ३०० च्या आसपास निळा. निळा दिसताच बाजूला घ्या. थोडा कार्बन आता चौकटीतून सुटला, ताण सैल झाला. ही सुई वाकवून सोडली तर स्प्रिंगसारखी सरळ होते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत शाफ्ट कडक केल्यावर पुन्हा भट्टीत घालतात, ते याच कामासाठी. ०.४ टक्के कार्बनचं ईएन ८ पोलाद तिथे सर्रास वापरतात. ते ८३० ते ८६० अंशांवरून विझवतात आणि मग साधारण ५५० ते ६५० अंशांना पुन्हा तापवतात. कारण शाफ्टला सुईच्या टोकाच्या धारेपेक्षा धक्के सोसण्याची गरज जास्त.

निळा रंग घरात आणखी एका ठिकाणी दिसेल. कोयता किंवा सुरी ग्राइंडरवर जोरात दाबून धार लावली की कडेला निळसर पट्टा उमटतो. तेवढ्या जागेचं पाणी उतरलेलं असतं, आणि तिथली धार कितीही चांगली लावली तरी टिकत नाही. तो पट्टा घासून पूर्ण काढा, दर दोन-तीन घासण्यांनंतर पातं पाण्यात बुडवत राहा, आणि पातं हाताला सोसेल त्याहून गरम होऊ देऊ नका.